सातबाऱ्याचा तोच फोटो नवी आवृत्ती बरोबर का वाचते?

प्रश्न: सातबाऱ्याचा मोबाइलवर काढलेला एक फोटो आहे. चॅट टूलच्या जुन्या आवृत्तीत टाकला तेव्हा खातेदारांची नावं भलतीच आली आणि क्षेत्राचे आकडेही चुकले. नव्या आवृत्तीला तोच फोटो दिला तर जवळपास सगळं बरोबर येतं. फोटो तोच, प्रश्न तोच, मग बदललं काय? आणि आता त्यावर भरवसा ठेवता येईल का?

उत्तर:

सर्वांत मोठा बदल हा की जुन्या आवृत्तीला तुमचा फोटो पूर्ण आकारात कधी दिसलाच नव्हता. ती अक्षरं चुकीची वाचत होती असं म्हणण्यापेक्षा, तिच्यापर्यंत पोचलेल्या चित्रात वाचण्याजोगं अक्षरच उरलं नव्हतं, असं म्हणणं जास्त बरोबर आहे. नव्या आवृत्तीत प्रतिमा आत घेण्याची पद्धत बदलली आहे, आणि पाहणारा भाग कशावर शिकवला तेही बदललं आहे. भाषेचा भाग हुशार झाला म्हणून फरक पडला, असा अनेकांचा समज असतो. तो फरकही आहे, पण अशा कागदाच्या बाबतीत त्याचा वाटा कमी आहे.

आकडे घेऊन पाहू. साध्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ३००० × ४००० पिक्सेल. ए-४ कागद चौकटीत उभा पूर्ण बसवून फोटो काढला, तर कागदाची २९७ मिलिमीटर उंची ४००० पिक्सेलमध्ये येते. म्हणजे दर मिलिमीटरला साधारण साडेतेरा पिक्सेल. छापील सातबाऱ्यातल्या अक्षराची शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची सुमारे २ मिलिमीटर धरली, तर फोटोत ते अक्षर २७ पिक्सेल उंच असतं. एवढ्यात काना, मात्रा, अनुस्वार सगळं स्वच्छ दिसतं. माणूस बोटांनी मोठं करून ते आरामात वाचतो, आणि म्हणूनच "इतकं स्पष्ट आहे, तरी याला कसं वाचता आलं नाही" असा प्रश्न पडतो.

आता हा फोटो जुन्या पद्धतीच्या मॉडेलमध्ये गेल्यावर काय होतं ते बघा. ज्याचे तपशील उघड आहेत असं उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेलं लावा १.५ हे मुक्त मॉडेल डोळे म्हणून ओपनएआयचं क्लिप हे प्रतिमा-मॉडेल वापरतं. या जोडणीत येणारं प्रत्येक चित्र, मग ते कितीही मोठं असो, आधी ३३६ × ३३६ पिक्सेलचं केलं जातं. त्यानंतर त्याचे १४ × १४ पिक्सेलचे चौकोन पाडतात, एका ओळीत २४ असे एकूण ५७६. प्रत्येक चौकोनाचं एका टोकनमध्ये, म्हणजे भाषेच्या भागाला वाचता येणाऱ्या एका एककात, रूपांतर होतं आणि भाषेचा भाग फक्त ही ५७६ टोकन पाहतो. मूळ फोटो त्याच्याकडे येत नाही.

आपल्या कागदावर याचा अर्थ काय? २९७ मिलिमीटर उंची ३३६ पिक्सेलमध्ये कोंबली, म्हणजे दर मिलिमीटरला जेमतेम १.१ पिक्सेल. २७ पिक्सेलचं अक्षर सव्वादोन पिक्सेलवर आलं. अर्ध्या मिलिमीटरहून लहान असलेला अनुस्वार किंवा दशांशाचा ठिपका अर्ध्या पिक्सेलइतकाही राहिला नाही. शिवाय एका चौकोनात कागदाचा सुमारे १२ मिलिमीटरचा भाग येतो. सातबाऱ्यात दोन ओळींमधलं अंतर ५ मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे एकाच टोकनमध्ये दोन ओळी आणि प्रत्येक ओळीतली पाच-सहा अक्षरं एकत्र कालवली जातात. त्यातून "हे तक्ता असलेलं सरकारी कागदपत्र आहे, देवनागरीत छापलेलं आहे" एवढं कळतं. गट क्रमांक कळत नाही.

जुनं टूल काय पाहत होतं हे स्वतः बघायचं असेल, तर संगणकावर इमेजमॅजिक हे मोफत साधन टाका आणि ही आज्ञा चालवा:

```
magick satbara.jpg -auto-orient -resize 336x336 chhota.png
```

तयार झालेलं चित्र मोठं करून पाहा. त्यात तुम्हाला नाव वाचता आलं नाही, तर मॉडेललाही ते वाचता येणार नव्हतं. "टूल असं का चुकलं" या बऱ्याच तक्रारींचं उत्तर या एका चित्रात मिळतं.

पुढच्या पिढीने इथेच सुधारणा केली, आणि ती दोन टप्प्यांत झाली. पहिला टप्पा तुकड्यांचा. जानेवारी २०२४ मध्ये लावाची पुढची आवृत्ती आली. तिने डोळे ३३६ पिक्सेलचेच ठेवले, पण चित्राचे चार तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा पाहिला आणि जोडीला संपूर्ण पानाचं एक लहान चित्रही ठेवलं. त्यामुळे टोकन ५७६ वरून जास्तीत जास्त २८८० वर गेली आणि आपलं अक्षर साडेचार पिक्सेल उंच झालं. ओपनएआयने जीपीटी-४च्या प्रतिमा वाचणाऱ्या आवृत्तीसाठी जाहीर केलेला नियमही याच जातीचा होता: चित्र आधी २०४८ × २०४८ च्या चौकटीत बसवायचं, मग लहान बाजू ७६८ वर आणायची आणि ५१२ पिक्सेलचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याला १७० टोकन, वर पानाच्या लहान चित्राची ८५. आपला ३००० × ४००० चा फोटो या नियमाने ७६८ × १०२४ होतो, चार तुकडे पडतात आणि एकूण ७६५ टोकन लागतात. दर मिलिमीटरला साडेतीन पिक्सेल, म्हणजे अक्षराला सात. नावं इथे बऱ्यापैकी ओळखू येऊ लागतात. अनुस्वार मात्र अजून दीड पिक्सेलच्या आत आहे, त्यामुळे तो कधी दिसतो, कधी नाही.

दुसरा टप्पा चित्र आहे त्या आकारात घेण्याचा. २०२४ मध्ये आलेलं अलिबाबाचं क्वेन २-व्हीएल हे याचं चांगलं उदाहरण. त्यात ठरलेला चौरस नाही. चित्राचा आकार मोठा तर टोकन जास्त, लहान तर कमी, आणि २८ × २८ पिक्सेलला एक टोकन असा हिशोब. तुमचा फोटो न आकसता दिला, तर साधारण १५,३०० टोकन होतात आणि एका टोकनच्या वाट्याला कागदाचा सुमारे २ मिलिमीटरचा चौकोन येतो, म्हणजे अंदाजे एक अक्षर. कुठे १२ मिलिमीटरमध्ये दोन ओळी, आणि कुठे एका टोकनला एक अक्षर! जुन्या आणि नव्या आवृत्तीत तुम्हाला दिसलेल्या फरकाचं मुख्य कारण हे आहे. बंद मॉडेलांचे आतले तपशील कंपन्या पूर्ण सांगत नाहीत, पण वापरणाऱ्यांसाठी जाहीर होणाऱ्या मर्यादा पाहिल्या तर दिशा हीच दिसते.

मग हे पहिल्यापासूनच का केलं नाही? कारण टोकनला जागा लागते आणि गणनेचा खर्च येतो. लावा १.५ ज्या लामा २ कुळातल्या भाषा-मॉडेलवर उभं होतं, त्याची एका वेळची क्षमता ४०९६ टोकनची होती. त्यात ५७६ टोकनचं चित्र सहज बसतं, १५,००० चं बसूच शकत नाही. भाषा-मॉडेलांची क्षमता लाखभर टोकनांपर्यंत गेली, तेव्हाच एका पानासाठी एवढी जागा देणं परवडू लागलं. म्हणजे फोटो नीट वाचता येण्यामागे वरकरणी असंबद्ध वाटणारी ही दुसरी सुधारणा उभी आहे.

आता शिकवणुकीकडे येतो, कारण पिक्सेल मिळाले म्हणून मराठी वाचता येते असं नाही. क्लिप २०२१ मध्ये आलं ते इंटरनेटवरच्या ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकून. त्या जोड्या गोळा करण्यासाठी शोधशब्दांची जी यादी केली होती, ती मुख्यतः इंग्रजी विकिपीडियात वारंवार येणाऱ्या शब्दांवरून. शिवाय शिकण्याचं काम असं होतं की चित्र आणि त्याखालचं वर्णन यांची जोडी जुळवायची. "टेबलावरचं बिल" असं वर्णन जुळवायला बिलातली तिसरी ओळ वाचावी लागत नाही. त्यामुळे अशा डोळ्यांना वस्तू, प्राणी, रस्ते छान कळतात, आणि ओळीने भरलेला देवनागरी मजकूर मात्र नक्षीसारखा दिसतो.

नंतरच्या मॉडेलांना कागदपत्रं मुद्दाम शिकवली जातात. त्याची एक रुळलेली रीत अशी: मजकूर घ्यायचा, वेगवेगळ्या फॉण्टमध्ये पानावर छापल्यासारखं चित्र तयार करायचं, त्यात सावली, सुरकुती, तिरकेपणा, धूसरपणा मिसळायचा आणि मॉडेलला मूळ मजकूर अक्षरशः लिहायला लावायचं. बरोबर उत्तर आधीच माहीत असतं, म्हणून हवी तितकी उदाहरणं बनवता येतात. पण त्यात मराठीचा वाटा किती, यावर निकाल ठरतो. देवनागरीची उदाहरणं हिंदीची जास्त असतात, आणि मराठी वळणाचे ल आणि श हिंदी छपाईपेक्षा वेगळे दिसतात. ळ हिंदीत जवळजवळ येत नाही, आणि "ऱ्य", "ऱ्ह" मधला अर्धा र तर नाहीच. म्हणून नवी आवृत्तीसुद्धा 'काळे' चं 'काले' आणि 'कुऱ्हाडे' चं 'कुहाडे' करते. चूक कुठे शोधायची हे यावरून ठरवता येतं: आधी ळ, मग अर्धा र, मग भ-म, घ-ध, थ-य या जोड्या, आणि आकड्यांत १ आणि ९.

आता सातबाऱ्यावरच्या तीन जागा पाहू, जिथे हे सगळं एकत्र येतं.

पहिली जागा क्षेत्राचा रकाना. शेतजमिनीचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं ठिपक्यांनी तोडून लिहिलेलं असतं. समजा एकूण क्षेत्र १.६२.०० आहे आणि तीन खातेदारांचं प्रत्येकी ०.५४.००. ठिपके पुसले गेले की मॉडेलला १६२०० आणि ०५४०० असं काहीतरी दिसतं, आणि ते आपल्या अंदाजाने ठिपका कुठेतरी बसवतं. जुन्या आवृत्तीकडून '१६.२ हेक्टर' असं उत्तर येऊ शकतं ते यामुळे. यावर सोपी पडताळणी आहे. १०० चौरस मीटरचा एक आर, १०० आरचा एक हेक्टर. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज स्वतः करा: ५४ त्रिक १६२ आर, म्हणजे १ हेक्टर ६२ आर. एकूण क्षेत्राशी जुळली तर ठिपके बहुधा बरोबर वाचले गेलेत. बेरीज मॉडेलला करायला सांगू नका. चुकलेला एक आकडा दुसऱ्या आकड्याशी जुळवून घेण्याकडे त्याचा कल असतो.

दुसरी जागा खातेदारांची नावं. अक्षर पुरतं दिसलं नाही की भाषेचा भाग गप्प बसत नाही, तो संभाव्य शब्द भरतो. 'पाटोळे' अर्धवट दिसलं तर 'पाटील' लिहिणं त्याला सोपं जातं, कारण पाटील कितीतरी जास्त वेळा शिकलेलं आहे. ही चूक ओळखायला कठीण आहे, कारण उत्तर अगदी नैसर्गिक वाटतं; शुद्धलेखन बरोबर, आडनाव खरंखुरं, फक्त ते तुमच्या कागदावर नाही. जुन्या पद्धतीच्या अक्षर-ओळख साधनांचं बरं होतं, ती चुकली की 'प!टो#' असं काहीतरी यायचं आणि चूक लगेच डोळ्यांत भरायची.

तिसरी जागा सर्वांत धोक्याची आहे: कंस केलेल्या नोंदी. मयत खातेदार, फिटलेला बोजा यांची नोंद सातबाऱ्यावरून गायब होत नाही. ती कंसात जाते, आणि नव्या नमुन्यात त्यावर आडवी रेषही मारलेली असते. देवनागरीत प्रत्येक शब्दावर शिरोरेषा असतेच, त्यामुळे खोडल्याची रेषा तिच्याखाली साधारण १ मिलिमीटरवर येते. जुन्या ३३६ पिक्सेलच्या चित्रात या दोन रेषांमध्ये एकच पिक्सेल उरतो आणि खोडलेलं नाव जाडसर शिरोरेषेचं साधं नाव दिसतं. साडेतीन पिक्सेलचं अंतर मिळालं तरी खात्री नसते. परिणाम असा की उत्तरात हक्क संपलेला माणूस चालू मालक म्हणून येतो. नवी आवृत्ती इथे बरीच सुधारली आहे, तरी तिला थेट विचारावं लागतं. "खातेदार कोण?" असं विचारलं तर ती सगळी नावं देते. "प्रत्येक नोंद जशीच्या तशी लिही, आणि कंसात किंवा खोडलेली असेल तर तसं पुढे नमूद कर" असं सांगितलं, तर त्या रेषेकडे लक्ष जातं.

या पार्श्वभूमीवर फोटो कसा द्यायचा ते सांगतो. अख्खं पान एकदाच देण्यापेक्षा आडव्या पट्ट्या करून द्या. वरच्याच ५१२ पिक्सेलच्या तुकड्यांच्या नियमात ३००० × १००० ची पट्टी टाकून पाहा: ती २०४८ × ६८३ होते आणि दर मिलिमीटरला नऊ पिक्सेल मिळतात. अख्ख्या पानाला साडेतीन मिळत होते. अक्षर सातवरून अठरा पिक्सेलवर गेलं, तेही टूल न बदलता. पट्ट्या हाताने कापा, किंवा:

```
magick satbara.jpg -auto-orient -crop 1x4+0+150@ +repage patti_%d.png
```

यातले १५० म्हणजे लगतच्या पट्ट्यांत सामाईक ठेवलेले पिक्सेल. एखादी ओळ नेमकी कापणीवर आली, तर ती दुसऱ्या पट्टीत अखंड मिळते. पट्ट्या उभ्या कापू नका. उभ्या कापल्या की नाव एका तुकड्यात आणि त्याचं क्षेत्र दुसऱ्यात जातं, आणि मॉडेल ओळी चुकीच्या जोडतं. पहिली पट्टी देताना रकान्यांची शीर्षकं कोणती ते सांगा, कारण खालच्या पट्ट्यांत ती नसतात.

काही वेळा नवी आवृत्तीही जुन्यासारखीच चुकते, आणि मग दोष मॉडेलचा नसतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या फोटोच्या रूपात आला असेल, तर तो वाटेतच आकसलेला असतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल. म्हणजे दर मिलिमीटरला साडेपाचच्या वर काहीच उरलेलं नाही, वरून दाबून साठवल्याने अक्षरांच्या कडा फुटलेल्या. गेलेला तपशील कोणतीही आवृत्ती परत आणू शकत नाही. पाठवणाऱ्याला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मिळालेल्या फाइलचे पिक्सेल किती आहेत हे गॅलरीतल्या तपशिलात दिसतं; ३००० च्या आसपास लांबी असेल तर ठीक.

दुसरं कारण आडवा पडलेला फोटो. मोबाइल बहुतेकदा चित्र फिरवत नाही, फाइलमध्ये "हे ९० अंश फिरवून दाखवा" एवढी नोंद ठेवतो. गॅलरी ती नोंद वाचते, म्हणून तुम्हाला फोटो सरळ दिसतो. पण काही टूल फाइल पुन्हा साठवताना ती नोंद टाकून देतात आणि मॉडेलला पान आडवं मिळतं. आवृत्ती बदलल्यावर अचानक सुधारणा दिसते, त्यात कधीकधी एवढीच दुरुस्ती झालेली असते. वरच्या दोन्ही आज्ञांत `-auto-orient` घातलं आहे ते यासाठीच.

अलीकडच्या काही आवृत्त्या अजून एक गोष्ट करतात. ओपनएआयच्या एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ओ३ पासून मॉडेल स्वतःच फोटोचा हवा तो भाग कापतं, मोठा करतं, फिरवतं आणि पुन्हा पाहतं. हे पट्ट्यांचंच काम आहे, फक्त ते आतल्या आत होतं. वेळ जास्त लागतो, पण दाट तक्त्यांसाठी ही सोय फार उपयोगाची आहे. एकच शंकास्पद नोंद असेल तर "फक्त फेरफार क्रमांकाचा रकाना मोठा करून वाच" असं सांगून पाहा.

भरवशाचं विचारलंत. वाचनासाठी, म्हणजे जुन्या कागदांची यादी करायला, आकडे तक्त्यात भरायला, कुठला रकाना काय सांगतो हे समजून घ्यायला नवी आवृत्ती वापरायला हरकत नाही. फक्त एक चाचणी करा: तीच पट्टी दोन वेगळ्या, नव्याने उघडलेल्या संभाषणांत द्या. दोन उत्तरांत एखादं नाव वेगळं आलं, तर ते नाव वाचलेलं नाही, अंदाजाने लिहिलेलं आहे असं धरा. दोन्हीकडे सारखं आलं म्हणजे बरोबर असेलच असं नाही, ळ चा ल दोन्हीकडे होऊ शकतो. पण कोणत्या ओळी आधी तपासायच्या ते कळतं. खरेदी, कर्ज किंवा वाटणीचा प्रश्न असेल तर फोटोवर थांबू नका. महाभूलेखच्या संकेतस्थळावर त्या गटाचा चालू उतारा काढा आणि कंसातली प्रत्येक नोंद तिच्या फेरफार क्रमांकावरून तलाठ्याकडे पाहून घ्या, कारण नोंद कधी आणि कशामुळे रद्द झाली हे सातबाऱ्याच्या फोटोत कुठेच लिहिलेलं नसतं.